तुमची पाठच दिसते

गेल्या महिन्यात एका वाचक भगिनीचा फोन आला. शोहर कामावरून येतात, जेवतात, इशाची नमाज पढतात आणि मग कानांना हेडफोन लावून गेम खेळायला बसतात, ते रात्री एक वाजेपर्यंत. "माझं भांडण गेमशी नाही," त्या म्हणाल्या, "पण मलाही कधी सोबत घ्या म्हटलं, तर हातात ते रिमोट देतात आणि पाच मिनिटांत परत काढून घेतात. यावर काही लिहा."

आम्ही त्यांना 'बघतो' म्हटलं आणि फोन ठेवल्यावर जरा ओशाळलो. कारण हेडफोन लावून बसणारे ते शोहर म्हणजे दोन वर्षांपूर्वीचे आम्हीच. माटुंग्याच्या आमच्या दोन खोल्यांत टीव्ही एकच, तो पुढच्या खोलीत. आम्ही त्याच्याकडे तोंड करून बसणार आणि मागे बेगमसाहेब कपड्यांच्या घड्या घालणार. एका रात्री त्या शांतपणे म्हणाल्या, "लग्नाला सहा वर्षं झाली. रात्री नऊनंतर मला तुमची पाठच दिसते." त्या ओरडल्या असत्या तर आम्ही उत्तर दिलं असतं. शांतपणे म्हणाल्यामुळे पंचाईत झाली.

दुसऱ्या दिवशी आम्ही चौकशीला लागलो. गेम खेळणारा जो भेटेल तो एकच नाव सांगे: 'इट टेक्स टू'. स्टॉकहोमच्या हेझलाइट नावाच्या स्टुडिओनं 2021 मध्ये काढलेला हा गेम एकट्यानं खेळताच येत नाही, दोघंच लागतात. त्या वर्षीचा सर्वोत्तम गेम म्हणून त्याला मोठं बक्षीसही मिळालेलं. गोष्ट नवरा-बायकोची. तलाक घ्यायचं ठरवलेलं हे जोडपं आपल्या मुलीच्या अश्रूंमुळे दोन बाहुल्यांत बदलतं, आणि डॉक्टर हकीम नावाचं एक बोलकं पुस्तक त्यांना पुन्हा एकत्र काम करायला लावतं. आम्हाला वाटलं, जमलं. दुसरा कंट्रोलर घेतला. पाच-सहा हजारांच्या घरातली ती खरेदी बेगमसाहेबांना आम्ही 'तुझ्यासाठी' म्हणून सांगितली, ती चूक वेगळीच.

खेळ वीस मिनिटं टिकला. पहिला भाग घरातल्या अडगळीच्या शेडमध्ये घडतो. नवऱ्याकडे खिळे असतात, बायकोकडे हातोडा. नवऱ्यानं भिंतीवर खिळा मारायचा आणि बायकोनं हातोडा त्याला अडकवून झोका घेत पलीकडे जायचं. कल्पना सुरेख आहे. पण आमच्या बेगमसाहेबांची बाहुली भिंतीला नाक लावून उभी राही. मग छताकडे बघे. मग दोन पावलं चाले आणि खाली पडे. पडण्याची शिक्षा या गेममध्ये जवळजवळ नाही, बटण दाबत राहिलं की बाहुली लगेच परत उभी राहते. तरी अकराव्यांदा पडल्यावर त्यांनी कंट्रोलर सोफ्यावर ठेवला आणि म्हणाल्या, "मला नाही येत हे. तुम्ही खेळा." वर पुस्ती जोडली, "आणि तलाक घेणाऱ्यांचाच गेम मिळाला का तुम्हाला?"

आम्ही तेव्हा नेहमीचा निष्कर्ष काढला, की हिला गेमची आवडच नाही. तो चुकीचा होता, आणि त्या भगिनींच्या घरीही बहुधा तीच चूक होत असावी. अडलं होतं ते आवडीपाशी नाही, अंगठ्यापाशी.

कंट्रोलरवर दोन छोट्या दांड्या असतात, त्यांना स्टिक म्हणतात. डाव्या अंगठ्याची स्टिक पात्राला चालवते. उजवी स्टिक कॅमेरा फिरवते, म्हणजे आपण कुठे बघतोय ते ठरवते. खऱ्या आयुष्यात चालणं आणि बघणं वेगळं शिकावं लागत नाही. पाय चालतात, मान आपोआप वळते. इथे मानेचं काम उजव्या अंगठ्याला करावं लागतं, तेही डावा अंगठा चालत असतानाच. ज्यानं शाळकरी वयापासून हे केलंय त्याला आपण दोन कामं करतोय हेही कळत नाही, जसं सायकल चालवणाऱ्याला तोल सांभाळणं कळत नाही. तिशीत पहिल्यांदा कंट्रोलर धरणाऱ्याला मात्र प्रत्येक पावलाला विचार करावा लागतो.

ही अडचण ओळखायची खूण सोपी आहे. नवा माणूस चालायचा थांबतो, मग कॅमेरा वळवतो, मग कॅमेरा सोडून चालतो. दोन्ही एकत्र कधी करत नाही. शेजारी बसलेल्या जाणत्या माणसाला हे दिसत नाही, कारण तो स्वतःच्या पात्राकडे बघत असतो. आमचंही तेच झालं. नंतर एकदा आम्ही स्वतःचा कंट्रोलर खाली ठेवून फक्त त्यांचे अंगठे बघितले, तेव्हा उलगडा झाला.

एवढं कळल्यावर शोधाची दिशा बदलली. आता 'जोडप्यांसाठी चांगला' गेम नको होता, उजवी स्टिक ज्यात लागतच नाही असा हवा होता. असे गेम पुष्कळ आहेत. कॅमेरा बाजूनं किंवा वरून एका जागी धरलेला असतो, खेळणाऱ्यानं फक्त चालायचं आणि दोन-तीन बटणं दाबायची.

असा पहिला मिळाला तो 'अनरॅव्हल टू'. स्वीडनचाच, 2018 चा. लोकरीच्या धाग्याची दोन बाहुली, एक लाल आणि एक निळं, आणि दोघांना बांधणारा एक धागा. एकानं वर चढायचं, धागा धरून ठेवायचा, दुसऱ्यानं त्याला लोंबकळत झोका घ्यायचा. सगळं बाजूनं दिसतं, पडद्यावर एखादं चित्र सरकत जावं तसं. यात एक सोय अशी आहे की अवघड उडी आली तर एक बाहुलं दुसऱ्यात मिसळून जातं. मग जाणता खेळाडू दोघांना घेऊन पलीकडे जातो आणि तिथे पुन्हा वेगळे व्हायचं.

या सोयीनंच आमचा घात केला. पहिल्या दिवशी गंमत आली. दुसऱ्या दिवशी जरा उडी लांब दिसली की आम्ही म्हणायचो, "ये, मिसळ, मी नेतो." तिसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "मी तर सामान झाले तुमचं. दादर स्टेशनवर हमालाच्या डोक्यावर बॅग असते तशी." आणि खरंच, अर्ध्या तासात त्यांनी फार तर पाच मिनिटं काही केलं असेल. मग नियम ठरला. मिसळायचं की नाही हे ज्याला उडी जमत नाही त्यानं ठरवायचं, जाणत्यानं सुचवायचंसुद्धा नाही. एका उडीला त्यांनी पंधरा-सोळा वेळा प्रयत्न केला. आम्ही वर धागा धरून बसलो होतो आणि जीभ चावत होतो. सतराव्या वेळी त्या आल्या. त्या रात्री घड्या घालायचे कपडे तसेच राहिले, हे नमूद करायला हरकत नाही.

मग आम्ही एक शहाणपणा केला. बेगमसाहेब स्वयंपाक उत्तम करतात, तेव्हा स्वयंपाकाचा गेम आणावा. नाव 'ओव्हरकुक्ड', 2016 साली निघालेला. दोघं आचारी, वर एकामागून एक ऑर्डरी लागतात. कांद्याचं सूप हवं असेल तर तीन कांदे आणायचे, प्रत्येक पाटावर चिरायचा, पातेल्यात टाकायचा, शिजेपर्यंत थांबायचं, बशीत ओतायचं आणि खिडकीतून द्यायचं. विसरलात तर पातेलं करपतं आणि आग लागते. एक डाव तीन-चार मिनिटांचा. कॅमेरा स्थिर, एक स्टिक, मोजकी बटणं. कागदावर सगळं बरोबर होतं.

बेगमसाहेबांनी पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "दिवसभर ओट्याशी उभी राहून आले, आता इथेही कांदे?" कुणाला गेम सुचवताना आपण हे फार करतो. माणूस जे काम करतो तेच त्याला खेळायलाही आवडेल असं धरून चालतो. रेल्वेत काम करणाऱ्याला रेल्वेचा गेम देण्यासारखं ते आहे. कधी लागू पडतं, बहुतेक वेळा नाही.

तरी आमच्या आग्रहाखातर दोन डाव झाले आणि दोन्हींत भांडण झालं. आम्ही ओरडत होतो, "कांदा आण, बशी घे, ते करपतंय!" त्या आमच्या हुकमाप्रमाणे धावत होत्या आणि हुकूम कानी पडेपर्यंत वेळ गेलेली असे. तिसऱ्या डावाआधी त्यांनी कंट्रोलर मांडीवर ठेवला आणि विचारलं, "तुम्ही आमच्या घरी कधी दावतीचा स्वयंपाक केलाय का? मग गप्प बसा आणि मी सांगते तसं उभे राहा."

त्यांची मांडणी अशी होती. आम्ही फक्त कांद्याच्या पेटीपासून पाटापर्यंत जायचं, चिरायचं आणि पातेल्यात टाकायचं. पातेलं, बशी आणि खिडकी त्यांची. कुणी कुणाच्या बाजूला जायचं नाही, म्हणजे वाटेत धडक होणार नाही. दुसरी गोष्ट, पहिलं पातेलं शिजत असताना दुसऱ्यात कांदे पडलेच पाहिजेत. आम्ही एक सूप संपवून दुसरं सुरू करत होतो, तिथेच निम्मा वेळ वाया जात होता. तिसरी, बोलायचं ते फक्त आपल्या हातात काय आहे ते. 'कांदा टाकला', 'बशी घेतली', एवढंच. दुसऱ्यानं काय करावं हे सांगायचं नाही.

त्या डावात आम्हाला तीन ताऱ्यांपैकी दोन मिळाले. पुढच्या आठवड्यात तीन. पुढे हा गेम अवघड होत जातो. एक स्वयंपाकघर जहाजावर असतं आणि डोलताना ओटेच इकडून तिकडे सरकतात, काही ठिकाणी खरकट्या बश्याही धुवाव्या लागतात. तिथे मांडणी पुन्हा बदलावी लागते, आणि ती बदलणारं डोकं आमच्या घरात एकच आहे. आमचा अंगठा जलद, त्यांचा हिशेब पक्का. दोघांत मिळून एक बरा आचारी होतो. ज्यांना घाई झेपत नाही त्यांच्यासाठी एक माहिती: 2020 मध्ये दोन्ही भाग एकत्र करून जी आवृत्ती निघाली, तिच्या सेटिंगमध्ये असिस्ट मोड आहे. त्यानं डावाची वेळ वाढते आणि ऑर्डरी लवकर उलटत नाहीत. सुरुवातीला तो लावायला लाजू नये. आम्ही महिनाभर लावला होता.

इथवर सगळं आमच्या मैदानावर चाललं होतं. हे एक दिवस अम्मींच्या लक्षात आलं. त्या पलंगावर तसबीह घेऊन बसतात, पण नजर सगळीकडे असते. म्हणाल्या, "ती तुझा खेळ शिकली. तू तिचा कोणता शिकलास?" आणि पैगंबर (स.) आणि हजरत आयेशा (रजि.) यांच्या धावण्याच्या शर्यतीची आठवण करून दिली. पहिल्या खेपेला हजरत आयेशा जिंकल्या होत्या आणि बऱ्याच काळानंतरच्या दुसऱ्या खेपेला पैगंबर. "दोघं धावले होते," अम्मी म्हणाल्या, "एक धावत होता आणि दुसरा बघत होता असं नव्हतं."

बेगमसाहेबांचा खेळ कॅरम. माहेरी चार भाऊ, त्यांच्यात वाढलेला हात. लग्नानंतर बोर्ड कपाटामागे गेला होता, तो आम्ही बाहेर काढला. मुंबईच्या दोन-तीन पावसाळ्यांत प्लायवूड वाकतंच. ते तपासायचं असं: बोर्ड सपाट स्टुलावर ठेवायचा, चारही बाजूंनी स्ट्रायकर हलकेच सरळ सोडायचा. तो एकाच कोपऱ्याकडे वळत असेल तर त्या कोपऱ्याखाली कागदाची घडी घालायची. तरी मधेच वळत असेल, तर बोर्डालाच बाक आलाय, तिथे घडीचा उपयोग नाही. आमचा एका कोपऱ्याला कललेला होता, घडीनं भागलं. बोरिक पावडर चिमूटभरच टाकावी, आणि लहान मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवावी.

नऊ काळ्या, नऊ पांढऱ्या, एक राणी. पहिल्या संध्याकाळी आमच्या नऊपैकी आठ सोंगट्या बोर्डावरच राहिल्या आणि त्यांच्या संपल्या. दुसऱ्या डावात सात राहिल्या. तिसरा डाव खेळायची आमची इच्छाच होईना, आणि तेव्हा त्या अकरा वेळा पडलेल्या बाहुलीचं दुःख आम्हाला कळलं.

अशा वेळी पुष्कळ लोक नशिबाचा खेळ सुचवतात. लुडोत फासा पडेल तसं चालायचं, त्यामुळे जाणता आणि अजाण यांतलं अंतर आपोआप मिटतं. युक्ती चांगली आहे, पण आमच्या घरी फासा चालत नाही, पैज न लावताही नाही, आणि अम्मींसमोर तो विषय काढायचीही सोय नाही. मग अंतर दुसऱ्या रीतीनं मिटवावं लागलं. सवलत द्यायची. पहिल्या डावाआधी आमच्या तीन सोंगट्या उचलून बाजूला ठेवल्या, म्हणजे आम्हाला सहाच घालायच्या, त्यांना नऊ. राणी दोघांनाही खुली, मात्र ती घेतली की लगेच आपली एक सोंगटी घालून कव्हर द्यायचं, नाहीतर राणी परत मध्यभागी.

तीन हा आकडा काही किताबातून काढलेला नाही. म्हणून पुढचा नियम महत्त्वाचा होता. ज्याला सवलत आहे तो सलग दोन डाव जिंकला, तर त्याची एक सोंगटी परत बोर्डावर येते. सलग दोन हरला, तर आणखी एक बाजूला जाते. म्हणजे सवलत किती हवी यावर वाद घालायची गरज उरत नाही, खेळच ती ठरवतो. आम्ही आधी तीनवरून चारवर गेलो, मग हळूहळू दोनवर आलो. आमच्या मते खूण अशी, की पाच डावांत कमी हात असलेला दोन तरी जिंकला पाहिजे. त्याहून कमी जिंकला तर तो लवकरच काहीतरी कामाचं निमित्त काढून उठेल. आम्ही स्वतः एकदा गॅस बंद केलाय का बघायला उठलो होतो.

बेगमसाहेब उदार आहेत, पण सवलतीपलीकडे एक फटका सोडत नाहीत. ते बरंच आहे. मुद्दाम हरलेलं कळतं. 'ओव्हरकुक्ड'च्या आधी आम्ही एका शर्यतीच्या गेममध्ये त्यांना मुद्दाम जिंकू दिलं होतं. त्यांनी ते पहिल्याच वळणावर ओळखलं आणि तो गेम पुन्हा लावू दिला नाही.

त्या भगिनींना आम्ही मग फोन केला. गेमची नावं सांगितलीच, पण त्याआधी एक विचारलं: रिमोट हातात असताना तुम्ही थांबून बघता का आणि मग चालता? त्या क्षणभर गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "हो. आणि तेवढ्यात ते 'आण इकडे' म्हणतात." त्यांना सांगितलं की शोहरना एक डाव स्वतःचा कंट्रोलर खाली ठेवून बसायला सांगा, फक्त तुमच्या हातांकडे बघायला. पुढे काय झालं ते त्या कळवतील.

आमच्याकडे शुक्रवार आणि शनिवार इशानंतर एक तास ठरलाय. एक दिवस टीव्ही, एक दिवस कॅरम. रमजानमध्ये तरावीहनंतर कुणातच जीव नसतो, तेव्हा तो महिना बंद. आमचे हेडफोन अजून आहेत, आठवड्यातले दोन-तीन दिवस ते कानाला लागतातही, आणि बेगमसाहेब तेव्हा खुशाल झोपतात.

परवा त्यांनीच तो पहिला गेम पुन्हा लावायला सांगितला. आम्ही सेटिंगमध्ये जाऊन कॅमेऱ्याचा वेग कमी केला आणि पहिली दहा मिनिटं शेडमध्ये नुसतं फिरायचं ठरवलं. कुठे जायचं नाही, फक्त चालता चालता उजवा अंगठा वळवायचा. भिंतीला नाक दोनदाच लागलं. मग आम्ही खिळा मारला, त्यांनी हातोडा अडकवला आणि झोका घेऊन पलीकडे गेल्या. आता त्या शेडमध्ये पुढे एक चिडलेला टूलबॉक्स आहे, त्याच्यापाशी आम्ही दोघंही अडकलोय.